धागा: सामाईक फोल्डरमधल्या कॅड फाइली – एकाचं काम दुसऱ्याच्या फाइलखाली गाडलं जाऊ नये म्हणून काय करता?

दातेरी_चाक

आमची पाच जणांची टीम आहे. सगळे सॉलिडवर्क्सवर. फाइली ऑफिसच्या सर्व्हरवर एका सामाईक फोल्डरमध्ये असतात. सध्या एका कन्व्हेयरचं काम चालू आहे. मुख्य असेंब्ली `CV-1000.SLDASM`, त्यात ड्राइव्ह युनिट `CV-1200.SLDASM` आणि त्यात मोटर ज्यावर बसते तो ब्रॅकेट `CV-1207.SLDPRT`.

झालं असं की एका सहकाऱ्याने ब्रॅकेटची चार गोल भोकं काढून तिथे लांबट स्लॉट केले, म्हणजे बेल्ट ताणायला मोटर मागे-पुढे सरकवता येईल. त्याच दिवशी दुसरी सहकारी ड्राइव्ह युनिटच्या गार्डवर काम करत होती. सर्व्हरवरून मोठी असेंब्ली उघडायला वेळ लागतो, म्हणून दोघांनीही सकाळी पूर्ण फोल्डर आपापल्या लॅपटॉपवर घेतला होता. त्याने दुपारी तीनच्या सुमारास आपला फोल्डर परत टाकला, तिने संध्याकाळी सातला. विंडोजने विचारलं, तिने "Replace the files in the destination" केलं. स्लॉट गेले, भोकं परत आली. लेझर कटिंग होऊन ब्रॅकेट आले तेव्हा, म्हणजे तीन आठवड्यांनी, हे कळलं.

आता टीममध्ये ठरतंय की प्रत्येक फाइलच्या नावात `_v1`, `_v2` लावायचं. मला यात काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते मांडता येत नाहीये. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पाना_पक्कड

नावात व्हर्जन हवंच. आम्ही तारीख आणि करणाऱ्याची अद्याक्षरंही टाकतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहायची, म्हणजे फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात. दोघांची नावं वेगळी असली की एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलवर बसूच शकत नाही. सोपं आहे, उगाच अवघड करू नका.

रेषाबंध

पाना_पक्कड म्हणतात ते सुट्या फाइलींना लागू पडतं. नुसती ड्रॉइंगं असतील, पत्रं असतील, हिशोबाच्या शीट असतील तर तारीख लावा आणि मोकळे व्हा. असेंब्लीचं तसं नसतं. `CV-1200.SLDASM` च्या पोटात ब्रॅकेटचा आकार साठवलेला नसतो, ब्रॅकेटच्या फाइलचं नाव आणि पत्ता साठवलेला असतो. उद्या कोणी `CV-1207_v2.SLDPRT` बनवला तरी असेंब्ली `CV-1207.SLDPRT` च उघडत राहील. मग कोणीतरी असेंब्ली उघडून जुना पार्ट काढून नवा घालायचा. तोच ब्रॅकेट आणखी दोन असेंब्लींमध्ये असेल तर तिथेही घालायचा. त्यातली एक राहून जाते. म्हणजे काम गाडलं जात नाही, पण बाजूला पडून राहतं आणि वर्कशॉपला जुनाच ब्रॅकेट जातो. शेवट तोच.

दुसरा धोका `Save As` चा. असेंब्ली उघडी असताना तुम्ही आतला पार्ट `Save As` करून `_v2` केला, की उघडी असलेली असेंब्ली गुपचूप त्या नव्या फाइलला जोडली जाते. एक इशारा येतो, पण तो वाचतं कोण. नुसती प्रत हवी असेल तर त्याच खिडकीत `Save as copy and continue` आहे, ते निवडायचं. तेव्हा असेंब्ली मूळ फाइललाच धरून राहते.

आता दातेरी_चाक यांच्या प्रसंगाकडे येतो. तिथे नाव हा प्रश्नच नव्हता. गार्डवर काम करणाऱ्या बाईंनी ब्रॅकेटला हात लावला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी फक्त पूर्ण फोल्डर परत टाकला, आणि फोल्डरसोबत सकाळचा, न बदललेला ब्रॅकेटही परत गेला. आणि इथे एक अशी गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सॉलिडवर्क्समध्ये असेंब्ली रिबिल्ड झाली की ज्यांना हात लावलेला नाही असे पार्टही 'बदलले' म्हणून खुणावले जातात, आणि सेव्ह करताना "सगळे सेव्ह करू का" असं विचारलं जातं. हो म्हटलं की त्या पार्टवर आत्ताची वेळ पडते. म्हणजे संध्याकाळी सातला विंडोजने दोन्ही फाइलींच्या तारखा दाखवल्या असतील, तर त्यांच्या लॅपटॉपवरचा ब्रॅकेट नवा दिसला असेल, पण आतला आकार जुना. तारीख बघून निर्णय घेणारा प्रामाणिक माणूसही इथे फसतो. "फक्त नव्या फाइली कॉपी करा" हा उपायसुद्धा याच कारणाने चालत नाही.

म्हणून माझ्या मते प्रश्न असा मांडायला हवा: एका वेळी एका फाइलवर लिहायचा हक्क कोणाकडे आहे, आणि तो बाकीच्यांना दिसतो का? फोल्डर लॅपटॉपवर घेतला त्या क्षणी हे दिसणं बंद होतं.

एक विचारतो, ब्रॅकेटचं ड्रॉइंग आधीच तयार होतं का? असेल तर त्यात खूण दिसायला हवी होती.

दातेरी_चाक

होतं. आत्ता उघडून पाहिलं. स्लॉटच्या मापांपैकी तीन मापं वेगळ्याच मातकट रंगात दिसतायत आणि कशालाच टेकलेली नाहीत. लेझरसाठीची डीएक्सएफ काढताना ड्रॉइंग कोणी उघडलंच नव्हतं, ती थेट पार्टवरून काढली गेली.

रेषाबंध

हीच ती खूण. मापाने ज्या कडेला धरलं होतं ती कडच मॉडेलमधून नाहीशी झाली, म्हणून माप लोंबकळतंय. ड्रॉइंगमध्ये अशी मापं अचानक दिसू लागली की आधी "मॉडेल मागे गेलंय का" असं विचारायचं. लोक काय करतात, माप पुसतात आणि नव्याने देतात. पुरावाच पुसला जातो.

ढगातला_डिझायनर

एवढं सगळं कशाला? फोल्डर क्लाउडवर ठेवा. प्रत्येक फाइलचा इतिहास राहतो, जुनी आवृत्ती परत आणता येते, घरूनही काम करता येतं. आमचं सगळं तसंच चालतं.

नकाशेवाली

तुम्ही किती जण आहात? मी इमारतींच्या नकाशांवर काम करते, ऑटोकॅडमध्ये. आमच्याकडे हेच केलं होतं आणि थोड्या दिवसांत फोल्डरमध्ये एकाच नकाशाच्या जुळ्या फाइली दिसू लागल्या. एकीच्या नावामागे कोणाच्या तरी कॉम्प्युटरचं नाव जोडलेलं. दुसऱ्या एका सेवेत नावातच `conflicted copy` असं येतं. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी आपापल्या कॉम्प्युटरवर उघडली, दोघांनी सेव्ह केली, आणि सिंक करणाऱ्याला कुठली खरी ते ठरवता आलं नाही, म्हणून त्याने दोन्ही ठेवल्या. काम गेलं नाही हे खरं, पण दोन नकाशे हाताने एकत्र करायला बसावं लागलं.

साध्या सर्व्हरवर असं होत नाही, कारण ऑटोकॅड फाइल उघडताना शेजारी `.dwl` नावाची छोटी फाइल ठेवतं. तीत कोणी उघडलीय ते असतं. दुसरा उघडायला गेला की त्याला सांगितलं जातं आणि फक्त वाचायला मिळते. `WHOHAS` कमांड दिली की नावही कळतं. क्लाउड सिंकमध्ये प्रत्येकाच्या डिस्कवर वेगळी प्रत, त्यामुळे ही खूणफाइल दुसऱ्याकडे उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. दोघांनाही फाइल मोकळी वाटते.

आमचं एक बरं आहे. माझ्या तळमजल्याच्या नकाशात स्ट्रक्चरवाल्यांचा नकाशा एक्सरेफ म्हणून जोडलेला असला तरी माझ्यामुळे त्यांची फाइल अडकत नाही. ते त्यांचं काम करत राहतात, त्यांनी सेव्ह केलं की मला खाली सूचना येते आणि मी `Reload` करते. दातेरी_चाक, तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच असेल ना?

रेषाबंध

ताई, नेमका इथेच फरक आहे. सॉलिडवर्क्समध्ये नेहमीच्या पद्धतीने असेंब्ली उघडली की ती आतल्या सगळ्या पार्टवरही लिहायचा हक्क घेऊन बसते. एकाने सकाळी `CV-1000` उघडली की बाकी चौघांना कन्व्हेयरचा प्रत्येक पार्ट 'रीड-ओन्ली' मिळतो. मग लोक कंटाळून फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करतात आणि नंतर एक्सप्लोररमधून मूळ जागी टाकतात, की पुन्हा तेच. त्यामुळे फोल्डर लॅपटॉपवर घेण्यामागे नुसता वेग हे कारण नसतं, हा अडथळाही असतो.

यावर सॉफ्टवेअरमध्येच उपाय आहे आणि तो फार कमी ठिकाणी वापरलेला दिसतो. `System Options` मध्ये `External References` खाली `Open referenced documents with read-only access` असा चौकोन आहे, त्यावर टिक करायची. मग असेंब्ली उघडली तरी आतले पार्ट फक्त वाचायला उघडतात. त्याच्याच जवळ, फक्त वाचायला उघडलेल्या पार्टविषयी सेव्हचं विचारू नका, बदल सोडून द्या, असाही पर्याय आहे. तोही चालू करा. रिबिल्डमुळे 'बदललेले' पार्ट चुकून सेव्ह होण्याचा प्रश्न तिथे संपतो.

मग `Collaboration` खाली मल्टि-युजर चालू करा. आता ब्रॅकेट बदलायचा असेल तर असेंब्लीत त्यावर राइट क्लिक करून `Get Write Access`. दुसऱ्या कोणाकडे असेल तर मिळत नाही. काम झालं, सेव्ह केलं, की लगेच `Make Read-Only`. तिथेच एक पर्याय आहे की तुम्ही वाचायला उघडलेली फाइल दुसऱ्याने बदलली का हे दर काही मिनिटांनी तपासायचं. तोही लावा, म्हणजे `Reload` करून नवा आकार दिसेल.

हे पाचही कॉम्प्युटरवर एकसारखं लावायला हवं. एकाने जरी जुन्या सेटिंगने मुख्य असेंब्ली उघडली तरी तो सगळं अडवून बसतो.

नवी_पेन्सिल

ऑटोकॅडमध्ये फाइल गेली तर `.sv$` शोधा आणि नाव बदलून `.dwg` करा, परत मिळते. नाहीतर शेजारची `.bak` घ्या. मी असंच एक ड्रॉइंग वाचवलं होतं.

नकाशेवाली

ते बंद पडलेल्या प्रोग्रामसाठी, आणि तेवढ्यापुरतं उत्तम आहे. पण `.bak` म्हणजे शेवटच्या सेव्हच्या आधीची एकच स्थिती. दुसऱ्याने वरून सेव्ह केलं आणि मग पुन्हा एकदा सेव्ह केलं की `.bak` मध्येही त्याचंच काम असतं. इथे प्रश्न दोन माणसांचा आहे.

कोडकारखाना

मी सॉफ्टवेअरवाला आहे, भाऊ यंत्रं डिझाइन करतो. आमच्याकडे हा प्रश्न गिटने कधीच सुटलाय. प्रत्येकजण आपल्या शाखेवर काम करतो, मग मर्ज. मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस आहे. कॅडवाले हे का वापरत नाहीत?

रेषाबंध

कारण मर्ज करता येत नाही. `.SLDPRT` ही बायनरी फाइल. तुमच्या शाखेत स्लॉट आहेत, माझ्या शाखेत जाडी ६ ऐवजी ८ मिमी आहे, तर गिट दोन्ही मिळून तिसरी फाइल बनवू शकत नाही. एक ठेवा, दुसरी टाका, एवढंच विचारतं. म्हणून आपल्याला शाखांपेक्षा कुलूप जास्त उपयोगी.

गिट एलएफएसमध्ये कुलूप आहे:

```
git lfs track "*.SLDPRT" --lockable
git lfs lock CV-1207.SLDPRT
git lfs locks
```

पहिल्या ओळीने फाइली डिस्कवर रीड-ओन्ली होतात, दुसरीने एक फाइल तुमच्या नावावर होते, तिसरीने कोणाकडे काय आहे ते दिसतं. पण कुलूप घेताना तुमच्याकडची प्रत ताजी आहे की नाही हे ते तपासत नाही. आधी `git pull` करायला विसरलात तर कालच्या ब्रॅकेटवर आजचं कुलूप.

म्हणून लहान टीमला मी अजूनही सबव्हर्जन सुचवतो. तिथे फाइलला एक गुणधर्म लावायचा:

```
svn propset svn:needs-lock "*" CV-1207.SLDPRT
svn commit -m "CV-1207: lock required"
svn lock CV-1207.SLDPRT
```

गुणधर्म लावून कमिट केलं की पुढे प्रत्येकाकडे फाइल रीड-ओन्ली उतरते आणि कुलूप घेतल्याशिवाय लिहिता येत नाही. तुमची प्रत जुनी असेल तर सर्व्हर कुलूपच देत नाही, आधी अपडेट करा म्हणतो. दातेरी_चाक, तुमच्या त्या संध्याकाळी नेमकं हेच हवं होतं. कमिट केलं की कुलूप आपोआप सुटतं. टॉर्टॉइजएसव्हीएन घेतलं तर हे सगळं राइट क्लिकवर होतं, कमांड लिहाव्या लागत नाहीत. शिवाय प्रत्येकजण आपल्या डिस्कवरून काम करतो, म्हणजे असेंब्ली उघडायला सर्व्हरची वाट बघणंही नाही.

मर्यादा सांगतो. लॅपटॉपवर प्रत्येक फाइलची एक मूळ प्रत लपून राहते, त्यामुळे डिस्कवर जागा जवळपास दुप्पट लागते. आणि दोन फाइलींमधलं नातं सबव्हर्जनला कळत नाही. ब्रॅकेट कमिट केला आणि असेंब्ली विसरलात तर ते काही बोलणार नाही. असेंब्लीची नाती ओळखणारं हवं असेल तर पीडीएमच घ्यावं लागतं. इन्व्हेंटर वापरणाऱ्यांना व्हॉल्टचा प्राथमिक प्रकार सोबतच मिळतो, त्यांनी आधी तो बघावा.

कोडकारखाना

पटलं. ताज्या प्रतीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पण मग मुख्य असेंब्लीचं काय? एकाने `CV-1000` ला कुलूप लावलं की बाकी चौघे बसून राहणार?

दातेरी_चाक

हा माझाही प्रश्न.

रेषाबंध

कुलूप `CV-1000` या एका फाइलला लागतं, आतल्यांना नाही. म्हणून मुख्य असेंब्लीत थेट पार्ट टाकायचेच नाहीत. ड्राइव्ह युनिट एक सब-असेंब्ली, फ्रेम दुसरी, रोलर तिसरी. प्रत्येकीचा एक मालक. मुख्य असेंब्लीत फक्त या सब-असेंब्ली कुठे बसतात एवढंच. ती दिवसातून क्वचितच बदलावी लागते, आणि बदलणारा एकच ठरलेला असावा. बाकीचे ती वाचायला उघडतात, आपला भाग बाकीच्यांशी जुळतो का बघतात आणि न सेव्ह करता बंद करतात. यात जाग्यावर बसून एका पार्टच्या कडेवरून दुसरा पार्ट काढण्याची सवय मात्र सोडावी लागते. गार्डचं माप ब्रॅकेटच्या कडेवरून घेतलं असेल तर ब्रॅकेटमधला बदल गार्डपर्यंत जातो, आणि गार्ड दुसऱ्याच्या कुलपात असू शकतो.

मापपट्टी

मी डिझाइनमध्ये नाही, वर्कशॉपच्या बाजूला आहे, आम्हाला फाइली मिळतात. कळकळीने सांगते, नावात रिव्हिजन लावू नका असं डिझाइनवाले म्हणतात तेव्हा आमची पंचाईत होते. मशीनवाल्याकडे `CV-1207.dxf` आली, पंधरा दिवसांनी परत `CV-1207.dxf` आली. मशीनच्या कॉम्प्युटरवर कोणती राहिली ते त्याला कसं कळणार? आमच्याकडे फाइलच्या नावात अक्षर हवंच.

रेषाबंध

तुमचं शंभर टक्के बरोबर आणि यात माझ्या म्हणण्याशी भांडण नाही. ज्या फाइलकडे दुसरी फाइल बोट दाखवते, म्हणजे पार्ट, असेंब्ली, ड्रॉइंग, तिचं नाव जन्मभर तेच. जी फाइल बाहेर जाते आणि जिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, म्हणजे पीडीएफ, डीएक्सएफ, स्टेप, तिच्या नावात रिव्हिजन सक्तीची. `CV-1207_A.dxf`, मग `CV-1207_B.dxf`. अक्षरांत आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड वगळायची रीत आहे, कारण हाताने लिहिलेलं किंवा पुसट छापलेलं अक्षर आकड्यासारखं दिसतं. ही रीत एएसएमईच्या रिव्हिजनच्या मानकात आहे.

बाहेर पाठवलेली प्रत्येक रिव्हिजन `Pack and Go` ने सगळ्या पार्टसकट झिप करून ठेवा, आणि त्या फोल्डरवर लिहायचा हक्क एकाच माणसाला द्या.

पाना_पक्कड

ठीक, असेंब्लीच्या बाबतीत माझी पद्धत अपुरी पडते हे मान्य. पण नुसता `CV-1207`? फोल्डरमध्ये तीनशे नंबर बघून कोणाला काय कळणार? `CV-1207_motor-bracket` तरी लिहा.

रेषाबंध

यावर लोकांचं एकमत नाही. वर्णन नावात असलं की शोधायला बरं पडतं. पण डिझाइन पुढे सरकतं आणि `motor-bracket` वर उद्या गिअरबॉक्स बसतो. मग कोणीतरी विंडोजमध्ये F2 दाबून नाव बदलतो आणि असेंब्लीला फाइल सापडत नाही. नाव बदलायचंच असेल तर सॉलिडवर्क्सच्या ट्रीमधून किंवा एक्सप्लोररमधल्या त्याच्या स्वतःच्या `Rename` मधून, म्हणजे असेंब्लीतला पत्ताही बदलतो. मी वर्णन फाइलच्या प्रॉपर्टीत ठेवतो आणि तिथून ते ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये येतं.

पण एक गोष्ट वादापलीकडची: तेच नाव दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा नको. `bracket.SLDPRT` नावाची एक फाइल आधीच उघडी असेल आणि तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टची असेंब्ली उघडली, तर सॉलिडवर्क्स आधी मेमरीत त्या नावाची फाइल आहे का ते बघतं आणि तीच घेऊन बसतं. दुसऱ्याच यंत्राचा ब्रॅकेट तुमच्या असेंब्लीत दिसतो. सेव्ह केलं तर पत्ताही तोच पक्का होतो.

दातेरी_चाक

नंबर कोण देतो मग? आम्ही एक शीट ठेवली होती, दोघांनी एकदम उघडून एकच नंबर घेतला.

रेषाबंध

प्रत्येकाला आधीच शंभर नंबर वाटून टाका. `1200` ते `1299` तुमचे, पुढचे शंभर दुसऱ्याचे. शीट सारखी उघडायची गरजच राहत नाही. नंबर वाया जातात, जाऊ द्या. नंबरातून काही अर्थ निघावा असा हट्ट धरू नका.

सर्व्हरमाळी

उशिरा येतोय. मी सर्व्हर सांभाळतो, कॅड येत नाही. बॅकअपवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. दातेरी_चाक, तुमच्याकडे बॅकअप कसा चालतो?

दातेरी_चाक

रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर `robocopy /MIR`.

सर्व्हरमाळी

मग तुमच्या प्रसंगात तो दोन कारणांनी निरुपयोगी होता, आणि दोन्ही समजून घ्या. `/MIR` म्हणजे आरसा. मूळ जागी जे नाही ते तिकडूनही पुसतं, जे बदललं ते तिकडेही बदलतं. तीन आठवड्यांनी तुम्ही बघायला गेलात तेव्हा तिथे जुन्या भोकांचाच ब्रॅकेट होता. अशा चुका उशिरा कळतात, म्हणून सात रात्री ठेवल्या तरी पुरत नाहीत. रोजच्या काही, आठवड्याच्या काही, महिन्याच्या काही अशा प्रती ठेवाव्या लागतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. स्लॉटवाला ब्रॅकेट सर्व्हरवर दुपारी तीन ते संध्याकाळी सात एवढाच होता. रात्री बारापर्यंत तो गेलेला होता. वर्षभराचे रात्रीचे बॅकअप असते तरी त्यातल्या एकातही तो सापडला नसता. त्याला पकडायचं तर सर्व्हरवर दिवसभरात दर तासाला स्नॅपशॉट हवा. विंडोज सर्व्हरवर शॅडो कॉपी चालू केल्या की फोल्डरच्या प्रॉपर्टीत `Previous Versions` दिसतं, कोणालाही स्वतः परत आणता येतं. किंवा वर सांगितलं तसं सबव्हर्जन, जिथे प्रत्येक कमिट राहतोच. सबव्हर्जन घेतलंत तर मात्र त्याच्या रिपॉझिटरीचा बॅकअप `svnadmin hotcopy` ने घ्या, चालू असताना नुसता फोल्डर कॉपी करू नका.

आणि शॅडो कॉपी त्याच सर्व्हरवर असतात. डिस्क गेली किंवा खंडणीचा व्हायरस आला की त्याही जातात. म्हणून एक प्रत अशा जागी, जिथे सर्व्हरला स्वतः लिहिता येत नाही. रेडला बॅकअप म्हणू नका, एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावं एवढ्यासाठीच तो आहे.

बाकी, ज्याने स्लॉट केले त्याच्या लॅपटॉपवर पाहिलंत का? त्याच्याकडे त्याची प्रत असायला हवी.

दातेरी_चाक

हे सुचलंच नव्हतं. विचारतो.

रेषाबंध

सर्व्हरमाळींनी लिहिलेल्यात कॅडच्या बाजूने एक भर. बॅकअपमधून फाइली परत मिळतात का याची चाचणी घेताना त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवून असेंब्ली उघडतात, ती उघडते आणि सगळे खूश होतात. पण तिने काही पार्ट मूळ सर्व्हरवरूनच उचललेले असू शकतात, कारण जुना पत्ता अजून चालतोय. चाचणी नेटवर्कची तार काढून घ्या, सॉफ्टवेअरचं लायसन्स सर्व्हरवरून येत असेल तर निदान ते शेअर तोडून घ्या. मग `File` मध्ये `Find References` उघडून प्रत्येक पार्टचा पत्ता वाचा. टूलबॉक्सचे बोल्ट आणि विकत घेतलेल्या मोटरचं मॉडेल बहुतेक वेळा याच ठिकाणी बेपत्ता सापडतं, कारण ते प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर कुठेतरी असतात आणि बॅकअपच्या यादीत कोणी घातलेलेच नसतात.

दातेरी_चाक

लॅपटॉपवर मिळाला! स्लॉटवाला ब्रॅकेट जसाच्या तसा आहे. मूळ फाइलवर न टाकता, आधी सर्व्हरवरचा ब्रॅकेट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मग हा आणला, ड्रॉइंग उघडलं, लोंबकळणारी मापं पुन्हा कडांना धरली. `CV-1207_B.dxf` काढून वर्कशॉपला जातेय.

सध्या सेटिंग पाचही कॉम्प्युटरवर लावली, लॅपटॉपवर फोल्डर घेणं बंद केलं, आणि सबव्हर्जन आधी एका छोट्या प्रोजेक्टवर लावून बघतोय. एक अडचण कालच आली. एकाचं सॉलिडवर्क्स अचानक बंद पडलं आणि त्यानंतर ब्रॅकेट त्याच्याच नावावर अडकून राहिला, तो घरी गेलेला असताना.

रेषाबंध

फोल्डरमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, `~$CV-1207.SLDPRT` दिसेल. प्रोग्राम नीट बंद झाला की ती पुसली जाते, कोसळला तर राहून जाऊ शकते. ती पुसायची, पण त्याला फोन करून खात्री केल्यावरच. सर्व्हरच्या बाजूने फाइल अजून उघडी दिसते का ते सर्व्हरमाळींसारख्या कोणाला बघायला सांगा.

दातेरी_चाक

झालं, धन्यवाद. आता एकच राहिलं. आमच्यातली एक जण पुढच्या महिन्यापासून घरून काम करणार आहे. व्हीपीएनवरून सर्व्हरवरची `CV-1000` उघडायला खूपच वेळ लागतो. तिला परत फोल्डर लॅपटॉपवर घ्यावा लागेल असं दिसतंय.

सर्व्हरमाळी

तिला ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर रिमोट डेस्कटॉप द्या. फाइली हलतच नाहीत, फक्त चित्र जातं.

नकाशेवाली

आम्ही करून पाहिलं. द्विमितीला चालतं, पण त्रिमितीत मॉडेल फिरवताना अडखळतं, ग्राफिक कार्डाचीही कटकट होते. तिला चालेल की नाही ते तिच्या इंटरनेटवर ठरेल.

रेषाबंध

सबव्हर्जनचा छोटा प्रयोग तिच्यापासूनच सुरू करा. पहिली उतरण ऑफिसच्या नेटवर्कवर करून घ्या, नंतर घरून फक्त बदललेल्या फाइली येतील-जातील. पण एक अट, जोपर्यंत बाकीचे चौघे सामाईक फोल्डरवर आणि ती सबव्हर्जनवर असं राहील, तोपर्यंत एकमेकांची कुलपं एकमेकांना दिसणार नाहीत. एक प्रोजेक्ट एकाच पद्धतीत. कन्व्हेयर मध्येच हलवायचा की हा संपून पुढच्यापासून करायचं, हे तुमचं काम किती बाकी आहे त्यावर आहे.

पाना_पक्कड

मध्ये हलवू नका असं माझं मत.

कोडकारखाना

माझं उलट. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी फाइली बंद करायच्या, `~$` एकही उरली नाही हे बघायचं, एकाने पूर्ण फोल्डर आत घालायचा, आणि सोमवारी सामाईक फोल्डर सर्वांना रीड-ओन्ली.

दातेरी_चाक

टीमसमोर दोन्ही ठेवतो. काय ठरतं ते इथे लिहीन.